फोटोतला गाडीचा नंबर कुणाला सांगायचा?

पुण्यातल्या एका सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप समजा. रात्री एक फोटो येतो, खाली एक शब्दही नाही. गेटसमोर आडवी लावलेली राखाडी मोटार, मागे स्वच्छ दिसणारी नंबर प्लेट. ग्रुपमधल्या एका दृष्टिहीन काकांचा फोन त्यांना ‘फोटो’ एवढंच वाचून दाखवतो. ते विचारतात, “काय आहे फोटोत?” कुणीतरी भराभर टाइप करतं: गाडीचा रंग, कंपनी आणि पूर्ण नंबर.

उत्तर मदतीच्या भावनेनंच दिलेलं असतं. तरीही त्यातला नंबर जरा थांबून लिहायला हवा होता.

नंबर प्लेट लपवायची वस्तू नाही. ती सगळ्यांना दिसावी, असं मोटार वाहन कायदाच सांगतो. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, ‘१२’ म्हणजे पुण्याचं आरटीओ कार्यालय, पुढे मालिकेची अक्षरं आणि शेवटचे आकडे. रस्त्यावर ती हजारो लोक पाहतात आणि विसरतात. फोटोत मात्र तिला जागा आणि वेळ चिकटते: ही गाडी त्या रात्री या गेटसमोर होती. नंबर टाइप झाला की तो शोधताही येतो. महिन्यांनंतर कुणी ग्रुपच्या शोधपट्टीत तेच आकडे टाकले, तर तो संदेश क्षणात वर येतो. फोटो चाळत बसायची गरज उरत नाही.

नंबरावरून पुढे काय कळतं? देशभरातल्या वाहनांची नोंद ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत असते. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत असा तपशील दिसतो. मालकाचं नाव आता काही अक्षरं झाकून दाखवतात. अनोळखी माणसाला त्यातून फारसं कळत नाही. पण ग्रुपमधले लोक अनोळखी नसतात. झाकलेलं नाव, गाडीचा रंग आणि गेटची जागा एकत्र केली, की ‘ही अमक्याची गाडी, इतक्या रात्री इथे कशी?’ अशी कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. नावाची अक्षरं झाकण्याचा तिथे काही उपयोग होत नाही. सरकारनं २०१९ मध्ये ही माहिती घाऊक प्रमाणात विकण्याचं धोरण आणलं होतं. गैरवापराची आणि खासगीपणाची काळजी पुढे आल्यावर २०२० मध्ये ते मागे घेतलं.

दुसरा धोका चुकीच्या वाचनाचा. रात्रीच्या फोटोत ‘बी’ आणि ‘आठ’, ‘डी’ आणि ‘शून्य’ सारखेच दिसतात. एक आकडा चुकला तर दोष भलत्याच गाडीवर जातो. आकड्यांच्या जागी अक्षर किंवा अक्षरांच्या जागी आकडा येत असेल, तर वाचन नक्की चुकलंय. पण तीन आणि आठ यांची गल्लत अशी पकडता येत नाही.

मग काकांना नंबर सांगायचाच नाही का? सांगायचा. जे बाकीच्या सर्वांना डोळ्यांनी दिसतंय, ते फक्त त्यांच्यापासून झाकणं म्हणजे खासगीपणा जपणं नव्हे, तो त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून ग्रुपवर लिहावं, “राखाडी मोटार गेटसमोर आडवी लावली आहे, वाट अडली आहे.” आणि काकांना फोन करून विचारावं, “नंबर हवाय का? तुमच्या घरची गाडी आहे का ते बघायचंय?” हवा असेल तर एकेक अक्षर सावकाश सांगावं. जे धूसर दिसतंय ते धूसर आहे, असंही सांगावं.

पूर्ण नंबर लागतो तो ज्याला त्यावर काही करायचं आहे त्याला. वाट मोकळी करायची असेल तर रखवालदाराला आणि सचिवांना. धडक देऊन गाडी पळाली असेल, तर ११२ वर पोलिसांना, लगेच आणि पूर्ण. तिथे संकोच नको. ज्यानं फोटो टाकला, त्याचा हेतू शब्दांवाचून कळत नाही. ती तक्रार असेल, ‘ही कुणाची?’ अशी विचारणाही असेल. त्यालाच आधी विचारलं, तर निम्मा प्रश्न सुटतो.

फोटो पुढे पाठवायचा असेल तर प्लेट भरीव काळ्या चौकोनानं झाका. फोनमधल्या हायलायटरची रेघ पारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. गुगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा २०२२ मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगरसह भारतात आली, तेव्हा चेहऱ्यांबरोबर नंबर प्लेटही धूसर केलेल्या होत्या. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र माणसानं घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर ग्रुपवर टाइप करायचा की नाही, हे बहुतेक वेळा टाइप करणाऱ्यालाच ठरवावं लागतं.