दर्या की दऱ्या?

इंग्रजीतले अफेक्ट आणि इफेक्ट, लूज आणि लोज, प्रिन्सिपल आणि प्रिन्सिपाल हे घोळ आपल्या घरातल्या मुलांना शाळेतच पाठ करून घेतलेले असतात. मराठीत असे काही आहे का, असे माझ्या भाचीने विचारले, तेव्हा मी तिला कॅसलरॉकच्या स्टेशनावर उभे करून दोन शब्द लिहायला सांगितले. समोर दिसतात त्या दऱ्या. आणि गाडी घाट उतरून, कुळे मागे टाकून, शेवटी जिथे पोचते तो मुरगावचा दर्या. तिने फोनवर दोन्ही शब्द रोमन अक्षरांत टाइप केले: darya आणि darya. फोनने दोन्ही वेळा ‘दर्या’ दिले. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून आम्ही सगळीकडे समुद्रच पाहत होतो!

या जोडीची गंमत इंग्रजीच्या उलट आहे. अफेक्ट-इफेक्टमध्ये उच्चार जवळजवळ सारखा, म्हणून लिहिताना कान फसतो. आपल्याकडे कान अगदी बरोबर असतो. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर येतो आणि जीभ क्षणभर ‘र’वर अडते: दर्-या. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ हलका राहतो आणि ‘र’ पुढच्या ‘या’मध्ये घसरत जातो: द-ऱ्या. घरात मराठी बोलणारे पाच वर्षांचे मूलही यात चुकत नाही. चूक होते ती लिहिताना. पहिल्यात ‘र’ डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो आडवा, कोयत्याच्या पात्यासारखा, ‘य’ला चिकटतो.

‘दर्या’सारख्या शब्दात घोळ झाला तरी वाक्य सहसा सावरून घेते. ‘दर्यात होड्या’ म्हटले की कोणी दरी समजत नाही. शिवाय दरीचे रूप ‘दरीत’ किंवा ‘दऱ्यांत’ होते, त्यामुळे अनुस्वारही मदतीला येतो. खरा धोका आहे तो जिथे दोन्ही शब्द एकाच वाक्यात, एकाच जागी, एकाच विभक्तीत शोभून दिसतात. अशी एक जोडी आमच्या घरी चांगलीच महागात पडणार होती.

कॅसलरॉकला आत्याच्या घराची वास्तुशांत होती. साठेक माणसांचे जेवण. आत्येभाऊ बाहेरगावी, म्हणून त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर कामांची यादी टाकली. त्यात एक ओळ होती: ‘आचार्यांना ५,००० आदल्या दिवशी द्यावेत.’ त्याला म्हणायचे होते आचाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आगाऊ रक्कम. त्यांनी त्या पैशांतून लोंढ्याच्या बाजारातून भाजी आणि नारळ आणायचे होते. पण वास्तुशांतीत मुख्य पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींनाही आचार्यच म्हणतात, ‘आचार्यवरण’ हा त्या विधीचा भागच असतो. यादीत गुरुजींचे नाव दोन ओळी वरच होते. काकांनी सरळ पाकीट नेऊन गुरुजींच्या हातात ठेवले.

यादी पुन्हा वाचून कोणाला काही कळणे शक्यच नव्हते. व्याकरण बरोबर, रक्कमही गुरुजींना शोभेल अशी. घोळ पकडला तो गुरुजींनीच. पाकीट उघडून ते म्हणाले, “अहो, दक्षिणा कर्म पार पडल्यावर देतात, आदल्या दिवशी कशी?” मग काकांनी आत्येभावाला फोन लावला. संध्याकाळची गाडी निघायच्या आत पैसे योग्य हातात गेले, नाहीतर दुसऱ्या दिवशी पंगतीला नुसता वरणभात वाढावा लागला असता. आत्येभाऊ अजूनही म्हणतो, “मी बरोबरच लिहिलं होतं.” त्याने लिहिले होते aacharyanna. त्याच्या बाजूने ते खरेच आहे, कारण रोमन अक्षरांत या दोन शब्दांचे स्पेलिंग एकच होते. कोणता शब्द निवडायचा हे फोन ठरवतो.

मग ओळखायचे कसे? मूळ शब्दाकडे जायचे. आचारी, दरी, सुरी, पायरी, शेतकरी, वारा, नवरा: या शब्दांत ‘र’ला जोडलेला ‘य’ नाहीच. प्रत्यय लागताना किंवा अनेकवचन होताना तो येतो, आणि तिथे ‘र’ आडवा होतो. आचाऱ्याला, दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, नवऱ्याने. उलट आचार्य, सूर्य, कार्य, धैर्य यांत ‘र्य’ मुळातच आहे, म्हणून प्रत्यय लागला तरी रफार हलत नाही: आचार्यांना, सूर्याला, कार्यात. ‘दर्या’ फारसीतून आला आहे, पण त्यातही ‘र्य’ मूळचाच. मूळ शब्द आठवला नाही तर मोठ्याने म्हणून पाहावे. आधीच्या अक्षरावर जोर आला तर रफार, नाही आला तर आडवा ‘र’. दीर्घ स्वरानंतर मात्र, ‘आचार्य’ आणि ‘आचाऱ्या’सारख्या ठिकाणी, कान थोडा कमी पडतो. ‘चा’ मुळातच लांब असतो, त्यामुळे जोर चटकन जाणवत नाही. तिथे मूळ शब्दाचीच कसोटी लावावी.

हाच आडवा ‘र’ ‘ह’लाही चिकटतो: कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, गऱ्हाणे. पण ‘गर्हणीय’ संस्कृतातून जसाच्या तसा आला, त्यावर रफारच. ‘गऱ्हाणे’ आणि ‘गर्हणीय’ शेजारी लिहून पाहा, फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आता फोनचे आणि संगणकाचे काम. पडद्यावर दिसणारा आडवा ‘र’ तयार होतो तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासून:

```
द + र + ् + य + ा = दर्या
द + ऱ + ् + य + ा = दऱ्या
```

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘र’ J वर आहे आणि ‘ऱ’ Shift धरून J दाबल्यावर येतो. म्हणजे समुद्र आणि दरी यांत फरक एका Shift चा. हिंदीच्या लेखनात आडवा ‘र’ लागत नाही, त्यामुळे फोनवर फक्त हिंदी कीबोर्ड घेतला असेल तर ‘ऱ’ सापडताना अडचण येते. भाषांच्या यादीतून मराठी कीबोर्ड वेगळा घ्यावा. रोमनमधूनच लिहायची सवय असेल तर darya टाइप केल्यावर वर दोन-तीन पर्याय दिसतात. पहिल्यावरच बोट न ठेवता पुढचे पाहावेत, ‘दऱ्या’ बहुधा तिथेच असतो.

एक बारीक खोच शोधताना लागते. आडवा ‘र’ आणखी एका पद्धतीने लिहिता येतो. साधा ‘र’, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही एकच, पण संगणकाच्या दृष्टीने अक्षरे वेगळी. त्यामुळे जुन्या फाइलमध्ये ‘शेतकऱ्यांना’ शोधले आणि ते समोर दिसत असूनही सापडले नाही, तर फाइल बिघडलेली नसते. त्या फाइलमधलाच शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकला की सापडतो.

आणि हा ‘र’ आपला एकट्याचा आहे असेही नाही. नेपाळीतही तो रोज लागतो. त्यांचे ‘गऱ्यो’, म्हणजे ‘केले’, याच आडव्या ‘र’ने लिहितात. भाचीने हे ऐकल्यावर काठमांडूच्या आपल्या मैत्रिणीला लगेच विचारले, की तू हा ‘र’ फोनवर कसा काढतेस.