पंथाची पंचायत आणि लाहोरचे तख्त

मागील लेखांकात गुरू नानकांपासून गुरू अर्जुनदेवांपर्यंतचा शांत भक्तिपंथ आपण पाहिला आणि १६०४ साली सिद्ध झालेल्या ग्रंथात आमच्या नामदेवांच्या ६१ पदांना मानाचे स्थान कसे मिळाले, हेही पाहिले. नाम, कीर्तन आणि लंगरातील सहभोजन यांवर उभ्या असलेल्या या पंथाने दीडशे वर्षांत पंजाबातून मोगलांचा आणि अफगाणांचा अंमल उठवावा, ही घटना इतकी विलक्षण आहे की तिचे कारण सामान्यतः एकाच शब्दात सांगितले जाते : जुलूम. जुलूम झाला, यात संशय नाही. १६०६ साली जहांगीराच्या आज्ञेने लाहोरास अर्जुनदेवांचा वध झाला आणि १६७५ साली औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीच्या चांदणी चौकात तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. परंतु हिंदुस्थानात जुलूम सोसलेले पंथ कितीतरी झाले; त्यांतील बहुतेक विखुरले, काही लोपले, आणि शीख मात्र प्रत्येक आघातानंतर अधिक संघटित होत गेले. हे का झाले, याचे उत्तर मला त्यांच्या शौर्याआधी त्यांच्या व्यवस्थेत सापडते.

ती व्यवस्था तलवारीपूर्वीची आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी दूरदूरच्या अनुयायांसाठी २२ ‘मंज्या’, म्हणजे उपदेशाची ठाणी, नेमून दिली होती. पुढे या कामी ‘मसंद’ नावाचे प्रतिनिधी आले, आणि अर्जुनदेवांच्या काळापर्यंत प्रत्येक शिखाने आपल्या प्राप्तीचा दहावा भाग, ‘दसवंद’, पंथासाठी काढून ठेवावा व मसंदांनी तो गुरूंकडे पोचवावा, असा नेमच ठरून गेला. ज्या समाजाजवळ गावोगाव संगत आहे, ठरलेल्या सणाला एकत्र येण्याची सवय आहे, सामाईक स्वयंपाकघर आहे आणि नियमित वसूल आहे, त्या समाजाला फौज उभारण्यासाठी उणीव राहते ती फक्त शस्त्रांची आणि आज्ञेची. ती आज्ञा अर्जुनदेवांचे पुत्र हरगोविंद यांनी दिली. भेटीदाखल घोडे आणि हत्यारे आणावीत असे त्यांनी अनुयायांस कळविले, हरिमंदिरासमोर अकाल तख्त उभारले आणि तेथे बसून ते पंथाचे लौकिक तंटेही निवडू लागले.

परंतु वसुलीच्या यंत्रात जो दोष सर्वत्र शिरतो तो येथेही शिरला. मसंद वतनदारासारखे वागू लागले. पोचवायचा पैसा मध्येच मुरू लागला, आणि काहींनी तर आपापले शिष्यही जमविले. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालशाची स्थापना केली, त्या प्रसंगाचे वर्णन करताना आपण पाच प्यारे, अमृत आणि पाच ककार यांवर थांबतो, ते योग्यच आहे. त्या पाचांत आमच्या सीमेवरच्या बीदरचा साहिबचंद नाभिक होता, आणि बाकीचे चौघेही चार वेगळ्या प्रांतांचे नि वेगळ्या जातींचे होते, असे परंपरा सांगते. पण त्याच सुमारास गुरूंनी मसंदांचे पदच मोडले, आणि शिखाने आपली भेट थेट गुरूकडे आणावी असे ठरविले, ही गोष्ट माझ्या मते तितकीच निर्णायक आहे. गुरू आणि शीख यांच्यामधला मध्यस्थ दूर झाला.

यानंतरचा कठीण प्रश्न आपल्या नांदेडास सुटला. आनंदपूर गेले, चारही पुत्र गेले, त्यांतील दोन अल्पवयीन मुलांना सरहिंदच्या फौजदाराने, वजीरखानाने, ठार करविले. आणि बहादुरशहाबरोबर दक्षिणेत आलेल्या गोविंदसिंगांवर १७०८ साली गोदावरीकाठी मारेकऱ्याचा घाव पडला. त्यांनी अकरावा गुरू नेमला नाही. ग्रंथ हाच गुरू, आणि जेथे खालसा जमेल तेथे गुरूंचा अधिकार, अशी ती व्यवस्था होती. एका व्यक्तीस मारून पंथ संपविण्याची जी युक्ती लाहोर-दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी दोनदा वापरली, ती यामुळे कायमची निकामी झाली. नांदेडासच राहणारा माधवदास बैरागी गुरूंची आज्ञापत्रे घेऊन ‘बंदा’ या नावाने उत्तरेस गेला, १७१० साली त्याने वजीरखानास लढाईत मारून सरहिंद घेतले, गुरूंच्या नावाचे नाणे पाडले आणि १७१६ साली तो दिल्लीस हालहाल होऊन मारला गेला. पंथ मात्र जंगलांत, टेकड्यांत आणि माळव्याच्या रेताड मुलखात शिल्लक राहिला. सरकारने शिखांच्या मस्तकांना इनाम लावले, तरी राहिला.

जुलमाने हे आवरत नाहीत असे पाहून लाहोरचा सुभेदार झकेरियाखान याने १७३३ साली जहागीर आणि ‘नवाब’ हा किताब देऊ केला. कोणी पुढारी तो स्वीकारीना, तेव्हा संगतीला पंख्याने वारा घालण्याची सेवा करीत असलेल्या कपूरसिंगांना तो मानाचा पोशाख देण्यात आला, अशी हकीकत शिखांत आदराने सांगतात. मिळालेली उसंत कपूरसिंगांनी वाया घालविली नाही. विखुरलेल्या टोळ्यांचे त्यांनी दोन दल केले : वृद्धांचा ‘बुड्ढा दल’ आणि तरुणांचा ‘तरुणा दल’, तरुणांचे पुन्हा पाच जथे पाडून प्रत्येकास स्वतंत्र निशाण दिले. सुभ्याने दोन वर्षांतच जहागीर परत घेतली, पण जथे राहिले. १७३९ साली, आमच्या दहिसरपासून खाडीपलीकडे असलेल्या वसईच्या किल्ल्यावर चिमाजी आप्पांनी निशाण चढविले त्याच उन्हाळ्यात, दिल्लीची लूट घेऊन परतणाऱ्या नादिरशहाच्या काफिल्याची पिछाडी हे जथे कापीत होते.

१७४८ च्या वैशाखीस अमृतसरला हे सर्व जथे ‘दल खालसा’ या एका नावाखाली आले आणि जस्सासिंग अहलुवालिया त्यांचे सेनापती झाले. प्रत्येक सरदाराची मिसल वेगळी होती आणि पुढे अशा बारा मिसली गणल्या गेल्या. त्यांतला स्वार म्हणजे आपल्याकडचा शिलेदार. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, लुटीत आणि जमिनीत वाटा त्याचा, आणि एक सरदार सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीकही त्याला होती. अशी फौज एकत्र कशी राहते? वर्षातून दोनदा, वैशाखी आणि दिवाळीस, अकाल तख्तासमोर ‘सरबत खालसा’ भरे. ग्रंथाच्या सान्निध्यात आपसांतील वैरे बाजूला ठेवली जात आणि सर्वानुमते ठराव होई. त्याला ‘गुरुमत्ता’ म्हणत. तो मोडणे म्हणजे गुरूची आज्ञा मोडणे, अशी श्रद्धा होती, आणि ती श्रद्धाच त्या ठरावाची अंमलबजावणी करीत असे.

पैशाची व्यवस्था ‘राखी’ने झाली. एखाद्या गावाने सरदाराचे संरक्षण पत्करले, की रब्बी आणि खरीप या दोन्ही हंगामांत महसुलाचा पाचवा हिस्सा त्यास द्यायचा, आणि त्याने अफगाण, सरकारी अंमलदार व इतर लुटारू यांपासून गाव राखायचे. मराठी वाचकास चौथाईची आठवण होणारच, म्हणून ताळा करून पाहू. १००० रुपये महसुलाच्या गावास राखीचे २०० रुपये पडत. चौथाईचे २५० आणि सरदेशमुखीचे १०० मिळून आपले ३५० होत. याहून मोठा भेद अंतराचा आहे. राखी घेणारा सरदार त्याच दुआबातला, बहुधा त्याच शेतकरी कुळांतला; हाक मारली तर पोचणारा. १७५८ साली रघुनाथरावांच्या फौजा सरहिंद आणि लाहोर घेऊन गेल्या, पण पुण्याहून पंजाब राखणे पेशव्यांस जमले नाही. जस्सासिंगांच्या माणसांना कोठे परत जायचेच नव्हते.

या व्यवस्थेची कसोटी १७६२ च्या फेब्रुवारीत लागली. पानपतास आमचा संहार करणाऱ्या अहमदशहा अब्दालीने मालेरकोटल्याजवळ बायकामुलांसह चाललेल्या शिखांस गाठून एका दिवसात हजारो माणसे कापली. पंजाबात हा दिवस ‘वड्डा घल्लूघारा’ म्हणून स्मरतात. पण गेली ती माणसे. जथे, राखीची गावे आणि अमृतसरचा मेळावा ही यंत्रणा जाग्यावर होती. १७६४ च्या जानेवारीत शिखांनी सरहिंदच्या जैनखानास मारून तो सगळा प्रांत घेतला. लढाई संपताच स्वार चौफेर उधळले आणि जे गाव लागेल त्यात कोणी कमरपट्टा, कोणी म्यान, कोणी अंगावरचे वस्त्र टाकीत पुढे गेला. ज्याची वस्तू ज्या गावात, ते गाव त्याचे, अशी आठवण तेथे पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत. दुसऱ्या वर्षी लाहोर पडले. राखणदार मुलखाचे मालक झाले आणि पाचव्या हिश्श्याच्या जागी सगळा महसूल आला.

दुखणे येथेच सुरू झाले. अब्दाली १७७२ साली वारला. समान शत्रू गेला, तशा मिसली शिवांवरून, वारशांवरून, जम्मूच्या खंडणीवरून आपसांत लढू लागल्या. सरदार मोठे झाले, किल्ले बांधून बसले, आणि दिवाळीच्या मेळाव्यास जाण्याची गरज त्यांना वाटेनाशी झाली. या भांडणांतून शुकरचकिया मिसलीचा रणजितसिंग वर आला; १७९९ साली, विशीच्या आत, त्याने लाहोर घेतले आणि १८०१ साली तो महाराजा म्हणवू लागला. नाणी मात्र त्याने गुरूंच्या नावाची पाडली आणि सरकारही ‘सरकार खालसा’ म्हणविले.

पंचायतीचा अखेरचा दिवस एका मराठी सरदारामुळे आला, हे आमच्याकडे फारसे सांगितले जात नाही. १८०५ च्या अखेरीस इंग्रज सेनापती लेक पाठलागावर असता यशवंतराव होळकर सतलज ओलांडून अमृतसरला पोचले आणि त्यांनी शिखांकडे मदत मागितली. रणजितसिंगाने गुरुमत्त्यासाठी सरदारांस बोलाविले; थोडेच आले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मेळाव्याने अब्दालीस नमविण्याचे ठरविले, त्याने आता लढाई टाळून मध्यस्थी करण्याचे ठरविले. होळकरांनी २४ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला. १ जानेवारी १८०६ रोजी रणजितसिंग व फत्तेसिंग अहलुवालिया यांनीही इंग्रजांशी तह करून होळकरांची फौज अमृतसरपासून ३० कोस दूर घालविण्याचे कबूल केले. आमच्या माणसास हे कलम बोचते. तरी बियासवर येऊन थांबलेल्या लेकच्या तोफांपुढे, अर्ध्या जमलेल्या सरदारांच्या भरवशावर रणजितसिंगाने दुसरे काय करावयास हवे होते, हे सांगणे मला कठीण वाटते.

यानंतर राजकारणासाठी सरबत खालसा त्याने पुन्हा बोलाविला नाही. निर्णय दरबारात होऊ लागले, मिसली एकेक करून खालसा झाल्या, आणि मुलतान, काश्मीर, पेशावरपर्यंत राज्य पसरले. पंथाने आपल्या पंचायतीच्या मोबदल्यात हे राज्य मिळविले, असे माझे मत आहे. आणि १८३९ साली रणजितसिंग वारल्यावर वारसांच्या भांडणात न्याय देणारे अकाल तख्तासमोरचे ते जुने पीठ नव्हते, म्हणून लष्कराच्या पलटणींनीच आपल्या पंचायती नेमून दरबारास धाक घातला. त्या पलटणींची कवाइत, त्यांचे फ्रेंच सेनानी आणि दहा वर्षांत झालेला राज्याचा अंत हा पुढील लेखांकाचा विषय आहे. तोवर ज्यांना सवड असेल त्यांनी नांदेडला जाऊन यावे. गोदावरीकाठची हुजूर साहिबची मूळ इमारत याच महाराजा रणजितसिंगाने १८३२ ते १८३७ या वर्षांत बांधविली.