साठी उलटल्यावर कर किती वाचतो?

आजोबांचा वाढदिवस १ जूनला, शेजारच्या काकांचाही १ जूनलाच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली ही तारीख महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या कागदोपत्री आहे आणि प्राप्तिकर खातेही तीच प्रमाण मानते. आर्थिक वर्षात कधीही, अगदी ३१ मार्चला जरी साठ पूर्ण झाली, तरी ते संपूर्ण वर्ष ज्येष्ठ नागरिकाचे धरले जाते. १ एप्रिलला जन्मलेल्यांचे वय आदल्या दिवशीच पूर्ण झाले असे मानावे, असा खुलासाही खात्याने २०१६ मध्ये केला.

जुन्या करप्रणालीत सर्वसाधारण करदात्याला अडीच लाखांपर्यंत, साठीनंतर तीन लाखांपर्यंत आणि ऐंशीनंतर पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. पूर्वी ज्येष्ठत्व ६५व्या वर्षी सुरू होई. माणूस ५८ किंवा ६०व्या वर्षी निवृत्त व्हायचा, पगार थांबायचा आणि सवलतीसाठी पुढे काही वर्षे वाट पाहायची. २०११च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी ही अट साठीवर आणली आणि ऐंशीपुढच्यांचा वेगळा गट केला.

वयाला सवलत का, याचे उत्तर कर भरण्याच्या कुवतीत आहे. सहा लाख मिळवणारा पस्तिशीतला माणूस आणि सहा लाख मिळवणारा सत्तरीतला माणूस कागदावर सारखे दिसतात. पण पहिल्याला बढती मिळू शकते, नोकरी बदलता येते. दुसऱ्याचे उत्पन्न बहुधा ठेवींच्या व्याजाचे, आणि औषधांचा खर्च मात्र चढता.

व्याजाची आणखी एक गोम आहे. दहा लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला ७० हजार मिळतात. महागाई पाच टक्के असेल, तर त्यातले ५० हजार मुद्दलाची किंमत टिकवण्यातच जातात आणि खरी कमाई उरते २० हजार. कर मात्र ७० हजारांवर लागतो. पगार निदान थोडाफार महागाईमागे धावतो, मुदत ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत जागचा हलत नाही.

मग प्रत्येकाची खरी गरज का तपासत नाहीत? कारण कोणाला मुले सांभाळतात, कोणाला मधुमेह आहे, हे तपासायला खात्याला घरोघर जावे लागेल. वय मात्र पॅनच्या नोंदीत तयार असते. ही सोय ढोबळ आहे: चार फ्लॅटचे भाडे घेणाऱ्या पासष्टीच्या मालकालाही सवलत मिळते आणि आजारी, नोकरी गेलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला मिळत नाही.

आता आकडे पाहू. एका ६८ वर्षांच्या निवृत्त माणसाला व्याजापोटी सात लाख मिळतात आणि आरोग्यविम्याचा हप्ता ५० हजार आहे, असे धरू. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजातून ५० हजारांची वजावट मिळते आणि विम्याचे ५० हजारही वजा होतात. उरलेल्या सहा लाखांवर उपकरासह कर होतो ३१,२०० रुपये. हेच व्याज आणि हाच हप्ता ५८ वर्षांच्या माणसाचा असेल, तर ठेवींच्या व्याजाची वजावट नाही आणि विम्याची मर्यादा २५ हजार. त्याला पावणेसात लाखांवर ४९,४०० रुपये भरावे लागतात.

फरक १८,२०० रुपयांचा. त्यात करमुक्त मर्यादेचा वाटा अवघा २,६०० रुपये, कारण वाढीव ५० हजार पाच टक्क्यांच्या टप्प्यातून सुटतात. बाकीचे १५,६०० रुपये वजावटींनी वाचवले. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल, तर तिथे कलम ८७अ खालील सूट कोणत्याही वयाच्या निवासी करदात्याचा कर शून्यावर आणते, म्हणजे वाढीव मर्यादेचा उपयोगच उरत नाही. गाजावाजा मर्यादेचा होतो, पैसे वाचतात ते वजावटींत.

ब्रिटनमध्येही ६५ वर्षांपुढच्यांना जादा करमुक्त रक्कम होती. जॉर्ज ऑस्बर्न यांनी २०१२ मध्ये ती गोठवायचे जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘आजीबाईंवरचा कर’ म्हणून झोड उठवली. सर्वांचीच मर्यादा वाढत गेली आणि काही वर्षांत वयाचा फरक मिटला.

भारताची नवी करप्रणाली त्याच वाटेने गेली आहे. तिच्यात २०२५-२६ पासून सर्वांना चार लाखांची एकच मर्यादा आहे आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सुटीमुळे कर लागत नाही. वर पाहिलेल्या दोघांचेही सात लाख तिथे करमुक्त ठरतात. व्याजाचे तेरा लाख असतील, तर ५८व्या वर्षीही ७८ हजार आणि ८२व्या वर्षीही ७८ हजारच. मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ही सूट लागू नाही. निवृत्तीनंतर जुने शेअर मोडून खाणाऱ्यांनी विवरणपत्र भरण्याआधी दोन्ही प्रणालींचा हिशोब मांडून पाहावा.