पाणचक्की ते पैठण गेट : रविवारी सकाळी साडेसहाला

आमच्या गल्लीतल्या फळ्यावर लावलेली सूचना चार ओळींची आहे. रविवारी सकाळी साडेसहाला पाणचक्कीजवळच्या महेमूद दरवाजापाशी जमायचं, भडकल दरवाजावरून जुन्या बाजारात शिरायचं, सिटी चौक आणि गुलमंडी करत पैठण गेटला थांबायचं. सारं चालणं तीनेक किलोमीटरचं. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि लहान मुलं आणलीत तरी चालेल. सूचना वाचून शेजारच्या काकूंनी विचारलं, "रोज रिक्षानं ज्या दरवाजातून जातो, तोच बघायला रविवारची झोप कशाला मोडायची?" प्रश्न रास्त आहे, त्यामुळे फळ्यावर मावलं नाही ते इथं लिहितो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद, बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. पण हे बावन्न दरवाजे एका तटात कधीच नव्हते. मुख्य तटाचे मोठे दरवाजे चार दिशांना चार : उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, ज्याला आपण मकाई म्हणतो. त्यांच्या मध्ये दुय्यम दरवाजे होते, आणि तटाबाहेर वसलेल्या पुऱ्यांना त्यांचे स्वतःचे. सगळी बेरीज लोकांच्या तोंडी बावन्न झाली. तट मात्र आता तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे. त्यामुळे ओळखीचा दरवाजाही आपल्याला रस्त्यात विनाकारण उभा असल्यासारखा वाटतो.

सुरुवात महेमूद दरवाजापासून ठेवली ती खाम नदीमुळे. शहराच्या पश्चिम अंगाला खाम वाहते आणि तटाला खंदकाचं काम तिनं आयतं करून दिलं. म्हणून या बाजूचे मकाई, महेमूद आणि बारापुल्ला हे तिन्ही दरवाजे पुलांवर उघडतात. वाट आधी पुलावर अरुंद होणार, मग कमानीत आणखी अरुंद. हल्ला करणाऱ्या घोडदळाची कोंडी व्हावी म्हणून केलेली ही रचना आज दुचाक्यांची आणि रिक्षांची कोंडी करते. दिल्ली आणि पैठण दरवाज्यांच्या बाजूंनी रस्ते काढता आले, कारण तिथला तट गेला. इथं बाजूला नदी आहे, त्यामुळे वाहनं वर्षानुवर्षं कमानीतूनच जात राहिली. साडेसहाची वेळ त्यासाठीच आहे. आठनंतर या कमानीखाली मान वर करून उभं राहणं धोक्याचं.

उभं राहिल्यावर काय बघायचं? कमानीच्या आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. अडसर सरकवायची भोकं भिंतीत शोधा. मोठ्या फळ्या कुठं आणि कशा टेकत असतील ते त्यावरून कळतं. बाहेरून बुरुजावरच्या चर्या आणि बंदुकीच्या जंग्या दिसतात. मग खाली बघा. रस्त्यावर डांबराचा थर वर्षानुवर्षं थरावर चढत गेला की दरवाज्याचं जोतं गाडलं जातं आणि कमान ठेंगणी वाटू लागते. एखाद्या दरवाज्याची उंची कमी का, असं वाटलं तर दोष बांधणाऱ्याचा नसतो, बहुधा डांबराचा असतो.

दुखणी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर त्याची मुळं दगड सरकवत आहेत असं समजा. जुनं बांधकाम चुन्यातलं आहे. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, पांढरे क्षार फुटतात आणि काही वर्षांत गिलाव्यासकट मूळ दगडाचा पापुद्रा गळतो. करड्या चकचकीत रेघा दिसल्या की तिथं सिमेंट आहे. माझ्या मते दरवाज्यांचं निम्मं नुकसान दुरुस्तीच्या हौसेनं झालं आहे.

पाणचक्की इतक्या लवकर आतून बघता येणार नाही, पण तिची युक्ती ठाऊक असावी. उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या बंद नळातून इथवर येतं. पाणी आपली पातळी धरतं, म्हणून उतारावरून आलेलं ते इथल्या उंच भिंतीत आपोआप वर चढतं आणि हौदात कोसळतं. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या लोकांसाठी पीठ निघायचं. मलिक अंबरनं शहरासाठी काढलेली नहरही याच तत्त्वावर चालायची. वाटेत तिला उंच बंबे होते. पाणी बंब्यात वर चढायचं, नळात कोंडलेली हवा मोकळी व्हायची, दाब कमी व्हायचा आणि पाणी पुढे निघायचं.

भडकल दरवाजाशी मात्र मी सर्वांना जरा जास्त वेळ थांबवणार आहे. इथं तट शोधू नका, तो कधी नव्हताच. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी या गावाला निजामशाहीच्या राजधानीचं रूप दिलं, आणि १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा बांधला. १६१६ मध्ये मुघल फौजेनं खडकी लुटली, जाळली. पुढे निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गावाला त्याचं नाव मिळालं. शहराभोवतीचा तट उठला तो १६८२ च्या आसपास, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं. म्हणजे तटाच्या सत्तर वर्षं आधीचा हा दरवाजा, आणि तोही मुघलांच्या पराभवाचा. तरी मुघलांच्या शहरात तो शाबूत राहिला. तट मुद्दाम फार उंच नव्हता, सरासरी चौदा फूट. तोफांचा वेढा थोपवण्यापेक्षा अचानक येणारे स्वार अडवण्यासाठी तेवढी उंची पुरत असावी, असा माझा अंदाज. भडकलजवळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि जयंतीला इथं पाय ठेवायला जागा नसते. विजयाचा हा दरवाजा शहरानं अजून वापरात ठेवला आहे, फक्त वापर बदलला.

जुन्या बाजारातून सिटी चौकाकडे जाताना दुकानं बंद असतील. ते बरंच. शटर आणि पाट्यांच्या गर्दीत एरवी न दिसणारे वरचे मजले, लाकडी सज्जे आणि त्यांना पेलणारे कोरीव हात सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात. मात्र लोकांच्या घरांचे फोटो विचारून काढा. सिटी चौकातून सराफ्याकडे जाणारा फाटा आपण सोडणार आहोत. तिथं दहानंतर गेलं तरच मजा आहे. मच्छली खडकातून गुलमंडीला पोचलो की सुपारी मारुतीचं दर्शन, आणि तिथूनच टिळक पथाला लागायचं.

पैठण गेटला आपण दक्षिणेच्या तोंडाशी येतो. इथून निघालेली वाट गोदावरीकाठच्या पैठणला जायची. आज दरवाज्याच्या आजूबाजूला मोबाइलची दुकानं आणि पार्किंग आहे. नाश्ता ज्याचा त्यानं करायचा, वर्गणी नाही. दिल्ली दरवाजा या फेरीत नाही, तो बराच उत्तरेला पडतो. त्याच्यासाठी हिमायत बाग जोडून पुढच्या एखाद्या रविवारी निघू. पाऊस असला तर फेरी रद्द, कारण ओल्या दगडावर पाय घसरतो आणि कमानीखाली वाहनं थांबत नाहीत.