आकाशवाणीवरील जाहिरात: एका भाजणीच्या दुकानाचे उदाहरण

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविधभारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाले, तेव्हा मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांपासून आरंभ झाला. मराठी पद्यरचनेला त्यायोगे एक नवे, पण अत्यंत आखूड अंगण लाभले. पेठेतील लहान दुकानदार जेमतेम २० सेकंद विकत घेतो. त्यांतील सहा-सात सेकंद गाण्याला गेले की बोलण्यास तेरा-चौदाच उरतात. हा हिशेब कसा जमवावा, हे एका कल्पित दुकानावरून पाहू.

दुकान पुण्याच्या कसबा पेठेतले, 'अन्नदा भाजणी'. दिवस दिवाळीपूर्वीचे. गाण्यासाठी आठ मात्रांचे आवर्तन, म्हणजे माधव जूलियनांच्या परिभाषेतील पद्मावर्तन, सोयीचे पडते, कारण ते टाळीवर सहज बसते:

भाजुन दळले पीठ आजचे,
कुरकुर गाणे या चकलीचे.

प्रत्येक चरणात दोन आवर्तने आहेत. 'भाजून' असे लिहिल्यास एक मात्रा वाढते, म्हणून ऱ्हस्व 'जु' घेतला आहे. ही सवलत पद्यात जुनीच आहे. 'अन्नदा' हे नाव मात्र पाच मात्रांचे. ते आवर्तनात कोंबायचे तर एखादा स्वर ओढावा लागतो, आणि ओढलेले नाव ऐकणाऱ्यास ओळखू येत नाही. यास्तव नाव निवेदकाकडे सोपवणेच बरे:

"कसबा पेठेत, मारुतीच्या देवळासमोर, अन्नदा भाजणी. चकलीची भाजणी रोज सकाळी तुमच्यासमोर दळून मिळते. धनत्रयोदशीपर्यंत सकाळी अकराच्या आत रिकामा डबा घेऊन या. अन्नदा, कसबा पेठ."

पेठ प्रथम येते, याला कारण आहे. प्रसारण साऱ्या शहरात ऐकू जाते, पण गिऱ्हाईक चार गल्ल्यांतूनच येणार; त्याने आपल्या पेठेचे नाव ऐकताच कान टवकारले पाहिजेत. दूरध्वनीचा क्रमांक येथे व्यर्थ आहे, कारण हातात पेन्सिल घेऊन रेडिओ कोणी ऐकत नाही. देवळाची खूण मात्र लक्षात राहते.

खरी फसगत शेवटच्या वाक्यात होते. 'अवश्य भेट द्या' हे छापील जाहिरातीतून आलेले पालुपद कोणतीच कृती सुचवीत नाही. 'यावे' हा विध्यर्थ लग्नपत्रिकेस शोभतो. दुकानाच्या तोंडी तो अवघडलेला वाटतो. 'डबा घेऊन या' या आज्ञार्थात वस्तू आहे, क्रिया आहे, आणि 'अकराच्या आत' या मुदतीने तिला वेळही मिळाली आहे. शिवाय त्यातून दुकानदारास एक मोजमाप गवसते: प्रसारणानंतर सकाळी किती गिऱ्हाइके रिकामे डबे घेऊन आली, ते तो मोजू शकतो. एरवीही पुष्कळ जण डबा आणीत असतील, तर मात्र आधीच्या आठवड्याचे आकडे टिपून ठेवल्याखेरीज या मोजणीस अर्थ नाही.

मसुदा पारखण्याची रीत साधी आहे. तो शेजारच्या खोलीतून, भांड्यांचा आवाज चालू असता, एकदाच वाचून दाखवावा. ऐकणारीला पेठ, डबा आणि अकरा हे तीन शब्द सांगता आले नाहीत, तर काट मारायची ती भाजणीच्या वर्णनावर. या तीन शब्दांना हात लावू नये.