एकविसाव्या दिवसाचा काउंट

केमोच्या दिवशी सकाळी सर्वांत आधी रक्त काढतात. सीबीसीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत सलाईन लावत नाहीत, औषधाच्या बाटल्या फोडत नाहीत. वहिनींच्या दुसऱ्या सायकलच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर एक गुणाकार केला आणि म्हणाले, "ताई, आज नाही देता येणार. पुढच्या मंगळवारी या."

गुणाकार साधा होता. पांढऱ्या पेशी 2,900, त्यातले न्यूट्रोफिल 38 टक्के, म्हणजे 1,102. या उपचारात पुढचा डोस देण्यासाठी हा आकडा निदान 1,500 आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक. प्लेटलेट व्यवस्थित होत्या. अडलं ते न्यूट्रोफिलपाशी. कराडहून पहाटेच्या गाडीने आलेल्या वहिनींनी मग विचारायचं तेच विचारलं, "औषध थांबलं तर आजार वाढणार नाही का हो?" दादा म्हणाला, "मग इतके दिवस मध्ये मोकळे ठेवायचेच कशाला? लागोपाठ देऊन मोकळं का नाही करत?"

दोघांच्याही प्रश्नात तथ्य होतं, आणि उत्तर हाडांच्या पोकळीत आहे.

वहिनींचा कॅन्सर स्तनाचा. गाठ शस्त्रक्रियेने काढलेली. केमो होती ती शरीरात कुठे सूक्ष्म पेशी निसटल्या असतील तर त्यांच्यासाठी. त्यांना मिळणाऱ्या जोडीला डॉक्टर 'एसी' म्हणतात. त्यातलं पहिलं, डॉक्सोरुबिसिन, गडद लाल. वॉर्डात त्याला 'लाल औषध' याच नावाने ओळखतात. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून डोस ठरतो. वहिनी 152 सेंटिमीटर, 58 किलो, म्हणजे क्षेत्रफळ 1.56 चौरस मीटर. चौरस मीटरला 60 मिलिग्रॅमने लाल औषध झालं साधारण 94 मिलिग्रॅम. सिस्टर ते मोठ्या सिरिंजमध्ये भरून चालू सलाईनच्या नळीतून हळूहळू ढकलतात. मध्येच थांबून दांडा मागे ओढतात, नळीत रक्त येतंय ना ते बघतात, मग पुढे. हे औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं, म्हणून ही सावधगिरी. त्यानंतर दुसरं औषध, सायक्लोफॉस्फामाइड, सलाईनमधून. दुपारपर्यंत माणूस घरी जायला मोकळा. पुढचे एकवीस दिवस औषध काही नाही.

ही दोन्ही औषधं पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. ज्या पेशी भराभर विभागत असतात त्या त्यात सर्वाधिक मरतात. कॅन्सरची पेशी आणि अस्थिमज्जेतली रक्त घडवणारी पेशी यांतला फरक औषधाला कळत नाही. आपली मज्जा रोज अब्जावधी न्यूट्रोफिल तयार करते, कारण रक्तात आल्यावर ते काही तास, फार तर थोडेच दिवस टिकतात. एवढ्या वेगाने विभागणाऱ्या पेशी औषधाच्या तावडीत सापडणारच.

गंमत अशी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर काउंट बऱ्यापैकी दिसतो. न्यूट्रोफिल मज्जेत जन्मून, वाढून रक्तात यायला सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. विभागणीचा टप्पा ओलांडून नुसत्या पक्व होत असलेल्या पेशींना औषध फारसं शिवत नाही. कारखाना बंद पडला तरी गोदामातला माल काही दिवस दुकानात येत राहतो, तसं हे. आठवडाभराने साठा संपतो. नवीन माल यायला हवा होता, तो पहिल्या दोन दिवसांतच मेलेला असतो. म्हणून एसीनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास काउंट तळाला जातो. न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेले तर शरीराला साध्या जंतूशी लढायलाही शिपाई उरत नाहीत. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यांची तूट एवढ्यात दिसत नाही. हिमोग्लोबिन सावकाश, सायकलमागून सायकल उतरत जातं.

मग मज्जा कायमची का संपत नाही? कारण तिच्या मुळाशी असलेल्या मूळपेशी बहुतांशी स्वस्थ बसलेल्या असतात, विभागत नाहीत, म्हणून वाचतात. रक्तातली तूट जाणवली की त्यातल्या काही कामाला लागतात आणि मधल्या फळीतल्या पेशींची झपाट्याने विभागणी सुरू होते. वहिनी घरी पांघरूण घेऊन पडलेल्या असतात तेव्हा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, त्यांची मज्जा नेहमीपेक्षा जास्त राबत असते. 'विश्रांतीचे आठवडे' हे नाव रुग्णापुरतं ठीक. मज्जेला तेव्हा विश्रांती अजिबात नाही. आणि दादाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. त्याच वेळी पुढचा डोस दिला, तर भराभर विभागणाऱ्या नेमक्या त्या पेशी औषधाला आयत्या सापडतील, आणि या खेपेला तळ अधिक खोल, अधिक लांब जाईल.

अंतर मज्जेवरून ठरतं याचा पुरावा औषधांच्या वेळापत्रकातच आहे. मेंदूच्या गाठीसाठी देतात ते लोमस्टिन मज्जेतल्या अगदी आरंभीच्या पेशींनाही धक्का लावतं. त्याचा तळ येतो चार ते सहा आठवड्यांनी, म्हणून त्याची सायकल सहा आठवड्यांची. याउलट वहिनींना एसीनंतर मिळणारं पॅक्लिटॅक्सेल बारा आठवडे दर आठवड्याला देतात, मध्ये सुट्टी नाही. त्याचा साप्ताहिक डोस लहान असतो आणि मज्जा तेवढ्यात निभावून नेते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. केमोचा एक डोस कॅन्सरच्या पेशी ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात मारतो. 1964 साली अमेरिकेत हॉवर्ड स्किपर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या ल्युकेमियावर काम करताना हे मांडलं. दहा लाख असोत की दहा हजार, दर खेपेला तेवढाच हिस्सा मरतो. म्हणून एका डोसात काम संपत नाही.

गणितापुरतं धरून चालू की वहिनींच्या शरीरात 10 लाख पेशी लपल्या आहेत, प्रत्येक डोस त्यातल्या 90 टक्के मारतो आणि उरलेल्या तीन आठवड्यांत दुप्पट होतात. पहिल्या डोसनंतर उरल्या 1 लाख, पुढच्या तारखेपर्यंत झाल्या 2 लाख. दुसऱ्या डोसनंतर 20 हजार, मग 40 हजार. तिसऱ्यानंतर 4 हजार, मग 8 हजार. चौथ्यानंतर 800. हेच डोस दर चार आठवड्यांनी दिले तर शेवटी 1,600 उरतात. दर दोन आठवड्यांनी दिले तर 400. वहिनींसारखी एकच तारीख एक आठवडा पुढे गेली, तर हजारच्या आसपास. औषध तेवढंच, फरक फक्त अंतराचा.

खरा कॅन्सर इतका सरळ हिशेब पाळत नाही. काही पेशी औषधाला दाद देईनाशा होतात, शिवाय छोट्या वसाहती मोठ्या गाठीपेक्षा जास्त वेगाने वाढतात. पण त्यातून निघणारी दिशा बरोबर आहे. मज्जा सावरेपर्यंत थांबायचं, पण ती सावरली की एक दिवसही वाया घालवायचा नाही. केमोचं सगळं कौशल्य कॅन्सरच्या आधी मज्जा उभी राहते या थोड्याशा फरकावर उभं आहे.

मग ते तीन आठवडे दोन करता येतील का? मज्जेला घाईने उभं करणारं औषध हाती आल्यावर ते जमलं. जी-सीएसएफ हे मज्जेला न्यूट्रोफिल घडवायला लावणारं शरीरातलंच द्रव्य. त्याचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात. 2003 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार स्त्रियांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीच औषधं, तेवढेच डोस, पण काहींना तीन आठवड्यांनी, तर काहींना जी-सीएसएफच्या आधाराने दोन आठवड्यांनी. चार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 75 टक्के, तर दुसऱ्यात 82 टक्के होतं. शिवाय न्यूट्रोफिल धोकादायक पातळीला जाण्याचे प्रसंग घाईच्या गटात कमीच होते.

या इंजेक्शनची वेळ मात्र चुकवून चालत नाही. केमो संपल्यावर किमान चोवीस तास थांबूनच ते देतात. लवकर दिलं तर मज्जेतल्या पेशी विभागायला लागतील आणि शरीरात अजून फिरणारं औषध त्यांनाच मारील. "आज आलोच आहोत तर आजच टोचून घेऊ" हा गावाहून येणाऱ्यांचा हट्ट मी डे-केअरमध्ये ऐकला आहे. सिस्टर तो कधी मानत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

वहिनींचा काउंट पुढच्या मंगळवारी आला: पांढऱ्या पेशी 4,600, न्यूट्रोफिल 56 टक्के, म्हणजे 2,576. डोस पूर्ण मिळाला, कमी केला नाही. जिथे आजार बरा करण्याचं उद्दिष्ट असतं तिथे डॉक्टर डोस कमी करायला सहसा नाखूश असतात. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीपासून जी-सीएसएफ सुरू झालं. चौथ्या दिवशी कंबर आणि छातीचं मधलं हाड ठणकू लागलं, तेव्हा वहिनी घाबरल्या. ते मज्जा कामाला लागल्याचं दुखणं होतं. तिसऱ्या सायकलला काउंट वेळेवर भरला.

मधल्या काळात शेजारणीने पपईच्या पानांचा रस आणून दिला होता. डॉक्टरांनी तो बंद करायला लावला. त्याने न्यूट्रोफिल वाढतात असा पुरावा नाही आणि काउंट पडलेला असताना न उकळलेला रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. बीट, खजूर, शेळीचं दूध यांचंही तेच. दूध उकळून प्यावं, बीट-खजूर चव म्हणून खावेत, पण मज्जा आपल्या वेळेनेच सावरते.

घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. लग्न, वास्तुशांत किंवा सणासाठी केमोची तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका. ती फक्त रक्ताच्या रिपोर्टने आणि डॉक्टरांनी पुढे ढकलायची. दुसरी गोष्ट त्याहून निकडीची. पहिल्या आठवड्यानंतर थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की घरात क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, कारण गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. न्यूट्रोफिल नसलेल्या शरीरात पू होत नाही, घसाही फारसा सुजत नाही. ताप ही बहुधा एकमेव खूण असते. मध्यरात्र असली तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे, ताप आलाय." पहिलं अँटिबायोटिक शिरेतून तासाभराच्या आत गेलं पाहिजे.