हप्ते ठरले, बिल मात्र पूर्ण

वहिनींनी ३६,००० रुपयांचा फ्रिज नऊ हप्त्यांत घेतला. महिन्याला ४,००० असा हिशोब होता, पण बँकेच्या ॲपवर पूर्ण ३६,००० दिसले. त्या घाबरल्या. खरं तर सुरुवातीला पूर्ण रक्कमच पडते आणि हप्ते बहुधा काही दिवसांनी बांधले जातात. बिल निघेपर्यंत ते दिसले नाहीत, तर मात्र हलायला हवं.

आधी मशीनमधून निघालेली पावती काढा. तिच्यावर 'EMI', मुदत आणि व्याजदर छापलेला असेल तर चूक बँकेकडची. पावतीचा फोटो जोडून लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. वहिनींच्या पावतीवर नुसतंच 'SALE' होतं. दुकानातल्या पोराने हप्त्यांचं बटणच दाबलं नव्हतं! अशा वेळी दुकानदाराला व्यवहार रद्द करून कार्ड पुन्हा स्वाइप करायला सांगावं. बँकेकडूनही नंतर हप्ते करून मिळतात, पण त्यावर व्याज, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागतो. बिनव्याजी सवलत हातची जाते.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.